कॉफीच्या आधी एक पान

माझं अक्षर चांगलं होतं आणि माझ्या लेखनाची निम्मी वाट त्यानंच लावली. उरलेली निम्मी मी स्वतः लावली, पण ते पुढं येईलच.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून म्हणून मी मद्रासला गेलो. साताऱ्याकडचा माणूस, वय पंचवीस, लग्न व्हायचं होतं. तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात माडीवरची खोली मिळाली. खाली घरमालकीण एकटी राहायची. पन्नाशी ओलांडलेली विधवा, तंजावरकडची मराठी. तिला सगळा बोळ मामी म्हणायचा, मीही म्हणू लागलो; त्या मला तंबी म्हणायच्या, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. कैक पिढ्यांपूर्वी तिकडं जाऊन राहिलेल्या या लोकांची मराठी ऐकताना मला आधी हसू यायचं. ते मी लपवत नसे, आणि तेही मामींच्या लक्षात आलं होतं. शाळा त्यांची तमिळ. तमिळ साप्ताहिकं त्या चष्मा न लावता भराभर वाचायच्या. मराठी बोलत जन्मभर, पण देवनागरी अक्षर एक ओळखता यायचं नाही. घरात ते कुणी शिकवलंच नव्हतं.

गावात आम्हा मराठी लोकांचं एक मंडळ होतं. गणपतीत मंडळाचं हस्तलिखित निघायचं. छापायची ऐपत नव्हती आणि हौस तर दांडगी, म्हणून सबंध अंक हातानं लिहायचा, चित्रं काढायची, बांधून घ्यायचा आणि तो एकुलता एक अंक वर्षभर घरोघरी फिरवायचा, प्रत्येक घरी तीन दिवस. आल्या आल्या माझं अक्षर कुणीतरी पाहिलं आणि अंक लिहून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बँकेतल्या साहेबांच्या कथा, शिक्षकांच्या कविता, कुणाच्या बायकोची बदाम बर्फी, सगळं मी वळणदार लिहून काढायचो. लिहिता लिहिता मनात यायचं, या असल्या भिकार गोष्टी हे लोक लिहितात, मग मी का नाही? हा प्रश्न मला दोन वर्षं छळत होता. मला लेखक व्हायचं होतं. नुसतं व्हायचं नव्हतं, त्या लोकांच्या नाकावर टिच्चून व्हायचं होतं.

पण गोष्ट सुचेल तर ना. शेवटी मी मामींची चोरली.

रात्री जेवण त्यांच्याकडंच असायचं. वाढता वाढता त्या काहीबाही सांगायच्या, आणि सुरुवात नेहमी एकच, "आमच्या तंजावरांत एक बाई होती." तशीच एका बाईची हकिगत त्यांनी सांगितली. सासूनं जन्मभर कुलपात ठेवलेली पेटी सून तिच्या मागं उघडते, तर आत सुनेच्याच लग्नातला शालू निघतो, जो चोरीला गेला म्हणून सासूनं तिला एकदा घराबाहेर काढलं होतं तोच. मला वाटलं, हे मामींच्या घरातलंच असणार. खरं आयुष्य! मी ते घेतलं, तंजावरच्या जागी वाई केली, खाली माझं नाव घातलं आणि गणपतीत मंडळात वाचायला उभा राहिलो.

पुण्यामुंबईत ते खपलं असतं. मद्रासच्या मराठी माणसांपुढं ते वाचणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण होतं, हे मला कळायला दहा मिनिटं लागली. पेटी उघडते तिथं मी मुद्दाम थांबलो. कागदावरून मान वर केली. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, अगदी सहज, "शालू असतो आत." शेजारीण म्हणाली, "चित्र पण छान होतं." मागून कुणीतरी त्या तमिळ साप्ताहिकाचं नाव घेतलं, कुणी महिना सांगितला. दोनच महिन्यांपूर्वी छापून आलेली गोष्ट. सभागृहात ती ठाऊक नाही असा जणू एकच माणूस होता आणि तो व्यासपीठावर उभा होता. लोक असे हसले की गणपतीसमोरची समई हलली असेल. मी तिसऱ्या रांगेतल्या मामींकडं पाहिलं, म्हटलं निदान या तरी काही बोलतील. त्या पदर तोंडाशी धरून सगळ्यांत जास्त हसत होत्या.

संपादक बँकेतले साहेब होते. नागपूरचे, जिभेला धार. ते उठले, माझ्या हातातले कागद घेतले आणि सगळ्यांना दाखवत म्हणाले, "बघा, अक्षर काय सुंदर आहे. देवानं अक्षर दिलं, फक्त त्याला डोकं जोडायचं राहिलं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तुम्ही आपलं लिहून काढा हो. लिहिण्याचं आम्ही बघतो." पुढच्या अंकात स्वतःची गोष्ट आणली तर घेऊ, नाहीतर जन्मभर नकलनवीस, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो दिवस आठवला की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. साहेब कधीच वारले. तरी होतो.

घरी येऊन मी मामींवर आवाज चढवला. "तुम्ही मला सांगितलं का नाही, ही छापलेली गोष्ट आहे म्हणून?"

"तूं विचारलास?" मामी म्हणाल्या. "मी वाढतांना सांगटलें. ऐकून जेवायचें सोडून तूं चोरून नेलास. वर मलाच बोलूलालास?"

मी वर गेलो.

दुसऱ्या दिवशी जॉर्ज टाउनात जाऊन मी उत्तम जाड कागदाचा एक दस्ता आणला, नवा टाक, निळी-काळी शाई. ठरवलं, दर रविवारी सकाळी आठ ते बारा लिहायचं. आता मी काय काय करायचो ते सांगतो, कारण त्यात माझ्यासारखे पुष्कळ सापडतील. कागदाच्या डोक्यावर मधोमध श्री काढायचो. त्याखाली गोष्टीचं नाव, दुहेरी रेघ. मग पहिलं वाक्य मनात जुळवायचो, आणि ते त्या श्रीच्या आणि रेघेच्या तोलाचं असायला हवं ना! तसं वाक्य काही यायचं नाही. आलंच तर चौथ्या शब्दाला काना जरा जाड उतरायचा, पान डागाळलं असं वाटायचं, मी ते फाडायचो आणि पुन्हा श्री. असं बारा वाजायचे. आठवडाभर कचेरीत मी मोठ्या मनानं विचार करायचो, नियती, त्याग, मानवी मन. रविवारी त्या मानवी मनाला नाक नाही की डोळे नाहीत. सहा रविवार गेले. माझ्याकडं सात नावं झाली, गोष्ट एकही नाही. नाचता येईना अंगण वाकडं तसं मी आधी टाकाला दोष दिला, मग उकाड्याला, मग खालून येणाऱ्या मामींच्या खोकल्याला.

सातव्या सोमवारी सकाळी मामी खोली झाडायला वर आल्या. कोपऱ्यात फाडलेल्या कागदांचा ढीग होता. त्यांनी एक कागद उचलला, उलटसुलट केला. वर श्री, खाली नाव आणि रेघ, पुढं सगळा कोरा.

"हें काय आहे?"

"गोष्ट," मी म्हणालो.

"कुठें?"

मामींनी ढिगातले सगळे कोरे तुकडे एकावर एक ठेवले, तळहातानं सपाट केले. कागद वाया गेलेला त्यांना बघवत नसे. मग म्हणाल्या, "उद्यांपासून वर कागद आणूंनको. पेन आणूंनको. सकाळीं खालीं ये. मी देतें तेवढ्यावर लिवायचें."

मला हसू आलं. देवनागरीची अक्षरओळख नसलेली बाई मला लिहायला शिकवणार! पण संपादकांचा चेहरा डोळ्यांपुढं होता आणि माझ्याजवळ दुसरा उपाय नव्हता.

मामींच्या स्वयंपाकघरात तारखेचं कॅलेंडर होतं, तिकडं घरोघरी असतं तसं, रोज एक पान फाडायचं. पान तळहाताएवढं. पुढं तारीख, तिथी, राहुकाळ, पाठ कोरी. सकाळी साडेपाचला त्यांनी आदल्या दिवसाचं पान टर्रकन फाडलं आणि पाटावर उपडं ठेवलं. शेजारी पेन्सिलीचा तुकडा, बोटभर, टोक बोथट. वाण्याची यादी करायचा.

"भरव," त्या म्हणाल्या. "भरल्यावर कॉफी."

"आणि नाही भरलं तर?"

"तर पो. कचेरीला जा." पो हे तमिळ, म्हणजे चालता हो. त्या कॉफीचा फिल्टर घेऊन बसल्या. वरच्या भांड्यातून खाली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, टपकत होतं, त्याचा वास घरभर. मद्रासमध्ये दोन वर्षं राहिलेल्या माणसाला सकाळची कॉफी नाकारणं ही काय शिक्षा आहे, ते तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

पहिल्या दिवशी मी कॉफीविना कचेरीत गेलो. डोकं ठणकत होतं, मनात मामींना शिव्या. दुसऱ्या दिवशी रागारागानं लिहिलं, 'काही सुचत नाही. पेन्सिल बोथट आहे. ही बाई कसाई आहे. कॉफी समोर ठेवून पाहते आहे.' आठ ओळींत पान भरलं. मामींनी ते उचललं, डोळ्यांजवळ नेलं, भरलंय एवढं पाहिलं आणि भिंतीवरच्या तारेत खोचलं, वाण्याच्या चिठ्ठ्या खोचतात तसं. मी म्हटलं, बघू द्या, एक शब्द सुधारायचा आहे. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "खोचलें तें खोचलें." आणि कॉफी दिली.

तेव्हा मला हे सगळं अपमानाचं वाटलं होतं. पण त्या बोथट पेन्सिलीनं, त्या खडबडीत पाठीवर सुंदर अक्षर काढणं शक्यच नव्हतं. माझं ते वळण, त्या रेघा, सगळं बंद. कावळ्याचे पाय उमटायचे. त्यामुळं पान डागाळायची भीतीच गेली, ते मुळातच घाण होतं. श्रीला जागा नव्हती. नियती आणि त्याग मावत नव्हते. आठ ओळींत मावतं ते समोर दिसतं तेवढंच. फिल्टर, डबा, मामींची उजव्या पायाची वाकडी करंगळी. शिवाय पान बेताचं, त्यामुळं वाक्य मध्येच तुटायचं. 'दूधवाला पाणी घालतो हे मामींना माहीत आहे, पण त्या' इथं पान संपलं. तो 'त्या' दिवसभर माझ्या डोक्यात भुणभुणायचा आणि दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या पुढचं वाक्य पेन्सिलीला लागलेलं असायचं. पंधरवड्यात मला कळलं की कोरं पान माझ्या वाट्याला आता येतच नाही. रविवारच्या चार तासांनी जे झालं नाही ते रोजच्या दहा मिनिटांनी झालं. आजही कुणी नवखा विचारतो तेव्हा हेच सांगतो. रोज, थोडं, वाईट, आणि मागं वळून बघायचं नाही.

आणि एक गोष्ट मी सांगत नाही. मी इतका मोकळा लिहू लागलो, कारण जी बाई माझ्यासमोर बसून ते पान हातात घ्यायची तिला ते वाचता येत नव्हतं.

समोर तीच होती, म्हणून मी तिच्यावरच लिहीत होतो. दया न दाखवता. त्या शिळी भाजी मला ताजी म्हणून कशी वाढतात. कुणी आलं की खोकला कसा वाढतो. पान भरलं की त्यांच्या हातात द्यायचं, त्या मान डोलवायच्या, "बेश." मला त्यात भलतीच मजा यायची. खोटं कशाला बोलू, ती मजा नसती तर मी महिनाभरात सोडून दिलं असतं.

मामींचा एकुलता मुलगा कलकत्त्याला मोठ्या हुद्द्यावर होता. महिन्यातून एकदा मामी ओट्यावर बसून त्याचं पत्र मोठ्यानं वाचायच्या, पत्र तमिळमध्ये, ऐकायला समोरच्या घरातली बाई. ती नागपूरची, नवरा रेल्वेत, तिला तमिळ यायचं नाही, म्हणून मामी वाक्यागणिक मराठी करून सांगायच्या. 'इथें अस्कीकडे मासळीचा वास. तुझ्या हातची आंबटी आठवतें.' अस्कीकडे म्हणजे सगळीकडं आणि आंबटी म्हणजे आमटी, हे मला एव्हाना कळत होतं. हे वाक्य मला आवडलं म्हणून एका सकाळी मी ते पानावर लिहून ठेवलं. महिन्यानं पुन्हा पत्र आलं, पुन्हा एक वाक्य आवडलं, पुन्हा लिहायला घेतलं आणि हात थांबला. हेच वाक्य या हातानं आधी लिहिलं होतं. पुढच्या महिन्यात मी जिन्यात उभा राहून नीट पाहिलं. पत्राच्या कोपऱ्यावर कॉफीचा गोल डाग. वाक्य तेच. आंबटीशी आवाज खाली यायचा तोही तिथंच. पत्र एकच होतं, आणि घड्यांवर विरत चाललेलं.

माझ्या अंगावर काटा आला, पण दुःखानं नव्हे. मला गोष्ट मिळाली होती.

जुलैअखेर मामी देवळात गेल्या असताना मी तारेवरची सगळी पानं काढली. अडीचशेच्या वर होती. दोन तृतीयांश कचरा, नुसतं कुरकुरणं. पण मधून मधून एक बाई चालत होती. तिची पंचवीसेक पानं मी जमिनीवर मांडली, पुढंमागं केली. पूर्वी मी गोष्ट बाईच्या जन्मापासून सुरू केली असती. आता सरळ तिथून केली जिथं ती तिसऱ्यांदा पत्र वाचते. सुरुवात सापडली आणि बाकीचं तीन आठवड्यांत झालं, तेही पेन्सिलीनंच, कॉफीच्या आधी. ती बाई मी हास्यास्पद केली होती. बोट जिभेला लावून विरलेली घडी ती कशी उलगडते, समोरची जांभई देते तेव्हा वाक्य कसं पुन्हा म्हणते. शेवटी पत्र वाऱ्यानं गटारात उडून जातं आणि ती कोऱ्या हातांकडं पाहून वाचत राहते. ते वाक्य जमलं तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो होतो.

संपादकांनी गोष्ट उभ्यानंच चाळायला घेतली. "आधी सांगा, कुठल्या साप्ताहिकातली?" मग ते खुर्चीवर बसले. पुन्हा पहिल्यापासून वाचली. चष्मा काढला. "ही बाई जिवंत आहे का हो?"

"नाही," मी म्हणालो.

"मग ठीक. पहिली घालू." आणि पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली.

मी एकच अट घातली, गणपतीत ती मोठ्यानं वाचायची नाही. अंकात राहू द्या. लाजतोय असं त्यांना वाटलं. वाचली असती तर मामींनी ऐकली असती, लिहिलेली त्यांच्यापासून सुरक्षित होती. घरोघरच्या पाळीची यादीही मीच लिहायचो. त्यातून मामींचं घर गाळलं. वाचता येत नाही, तर अंक कशाला? कुणी विचारलं तर हेच सांगायचं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही. त्या गणपतीत अंक सभागृहात मांडलेला होता, तो वाचून बायका मला ओळखून नमस्कार करत होत्या आणि मामी तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडं कौतुकानं पाहत होत्या.

अंक फिरत फिरत समोरच्या नागपूरकरणीकडं आला. मी तिला विसरलो होतो, असं नाही. तिला गोष्ट कळेल आणि ती गप्प बसेल, असं मी धरून चाललो होतो. चार वर्षं ती पत्र ऐकत आली होती, तिला दया येईल. माणसांबद्दल लिहायला लागलेल्या माणसाला माणसांबद्दल इतकं कमी कळावं!

पुढच्या रविवारी दुपारी मामींनी हाक मारली. स्वयंपाकघरात त्या शेंगा निवडत बसल्या होत्या आणि पाटावर अंक होता.

"समोरच्या घरांतून मागून आणला," त्या म्हणाल्या. "तुझी कथा मला वाचून दाखव. माझ्या पानावर लिवलेली. मला नको ऐकायला?"

मी अंक उघडला. माझंच वळणदार अक्षर. पानं उलटत, ओळींवरून बोट फिरवत मी वाचू लागलो, पण जे लिहिलं होतं ते नाही. एका म्हाताऱ्या ड्रॉइंग मास्तरची गोष्ट मी तिथल्या तिथं रचली. मरीनावर रोज येऊन समुद्राचं चित्र काढणारा, एकही पुरं न करणारा. अर्धा तास मी बोलत होतो. एकदा अडखळलो नाही. वर्षापूर्वी पहिल्या वाक्यासाठी तडफडणारा मी, भीतीनं का होईना, एक अख्खी गोष्ट हवेतून काढत होतो, आणि सांगायला लाज वाटते, मध्येच मला स्वतःचा अभिमानही वाटला.

संपलं. मामींनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"बेश आहे. पण तंबी, लिवलेली यापरीस बरी होती."

"कुठली?"

"त्या बाईची. पत्राची. समोरचीनें शुक्रवारीं वाचून दाखवली. मी मागटलें म्हणून परत एकदां वाचली. बोट जिभेला लावतें, तिथें ती हसली."

मी खाली पाहत बसलो. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय ते कळलं. माफी मागायला तोंड उघडलं, त्यांनी हातानं थांबवलं. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला किती बरं वाटलं असतं.

"बरी लिवलास. पण एक चूक आहे. मुलगा कलकत्त्यास नाहीं. तीन वर्षें झालीं, बदली घेऊन आला. मद्रासांतच, नुंगंबाक्कमांत आहे. आपल्या इथून बस जातें."

मी वर पाहिलं.

"मी गेलतें. सून दारांत आली. मला बघितली, ओळखली. मग माळ्यास सांगटली, स्वैपाकीण मिळाली आम्हांस, दुसरी नको म्हणून सांग. तो आंतच होता. त्याचा खोकला मला ठाऊक नाहीं का? माझाच खोकला तो." त्यांनी एक शेंग उचलली, मोडली, दाणे बाहेर काढले. "मी बसनें परत आलें. त्या दिवशीं तुला आंबटी केली होती. तूं दोनदां वाढून घेतलास."

दाणे त्यांनी वाटीत टाकले.

"तंबी, माझें अस्कें लिव. खोकला लिव, शिळी भाजी लिव. लोक हसूं देत. हें येवढें लिवूंनको."

"नाही लिहिणार, मामी," मी म्हणालो. त्यांच्या पायांना हात लावून म्हणालो. त्या क्षणी मी खरंच बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला खाली गेलो. मला वाटलं होतं, आज पान नसेल. पान होतं. रविवारचं, उपडं, शेजारी पेन्सिल. मामी पाठमोऱ्या फिल्टरपाशी बसल्या होत्या. मी बसलो. दुसरं काहीतरी लिहावं म्हणून मी खिडकीकडं पाहिलं, डब्यांकडं पाहिलं, पण वर्षभर रोज त्या वेळेला चालणारा हात माझी वाट बघत थांबला नाही. माळी लिहिला. दारातली सून लिहिली. आतला खोकला लिहिला. आठ ओळी, एक शब्द खोडला नाही. पुढं मी आठ पुस्तकं लिहिली, त्यांत इतकं सरळ पान मला पुन्हा जमलेलं नाही.

मामींनी हात पुढं केला. मी पान दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ धरलं.

"काय लिवलास?"

"समुद्राचं," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलवली, पान तारेत खोचलं आणि माझ्यापुढं कॉफी ठेवली.